मंगळवारचा निरोप वहीतून लिहा, आठवणीतून नको



आज पीक सोडून पिकाच्या निरोपाबद्दल लिहितो. आपल्यातले बरेच जण आता कुणा ना कुणा जाणकाराच्या सल्ल्यानं कापूस करतात. कुणी कृषी सहायकाला विचारतो, कुणी विज्ञान केंद्रातल्या साहेबांना, कुणी गावातल्याच अनुभवी माणसाला. मी एका निवृत्त सरांना विचारतो. ते कीटकशास्त्र शिकवायचे. आमच्यासारखे दहा-पंधरा जण त्यांना आठवड्याला एकदा मोबाईलवर निरोप पाठवतात आणि ते रात्री बसून एकेकाला उत्तर देतात. पैसे घेत नाहीत. अट एकच, मंगळवारी रात्री आठच्या आत निरोप यायला पाहिजे आणि तो एका श्वासात वाचून झाला पाहिजे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हा निरोप आपल्या वहीतून उतरवलेला नसेल तर तो न पाठवलेला बरा. आठवणीतून लिहिलेला निरोप खोटा नसतो, पण त्यावर दिलेला सल्ला चुकू शकतो. आणि चूक आपली असून आपण नाव सल्ला देणाऱ्याचं घेतो. हे मी स्वतः करून बसलोय, म्हणून लिहितोय.

पहिल्या वर्षी माझे निरोप असे जायचे: "सर नमस्कार, कापूस बरा आहे, अळीचं प्रमाण कमी वाटतं, थोडी लाली दिसते, काय करावं?" सरांचं उत्तर एकच यायचं, "किती बरा?" मला राग यायचा. बरा म्हणजे बरा, त्यात किती काय? पुढं लक्षात आलं की माझं "बरं" विहिरीजवळच्या चार ओळी पाहून ठरायचं. तिथं मी मोटार चालू करायला रोज जातो. नाल्याकडच्या कडेला आठ-आठ दिवस पाय पडत नाही. आठवण तिथलीच राहते जिथं माणूस जातो.

मग सरांनी वही लावायला सांगितली. साधी दोनशे पानी वही. त्यात रोज काय पाहिलं, किती पाहिलं, काय केलं ते लिहायचं. वही लांब असली तरी चालेल, निरोप आखूड पाहिजे. आता 2024 च्या हंगामातला एक प्रसंग सांगतो, म्हणजे वहीतून निरोप कसा निघतो आणि वही असूनही माणूस कसा फसतो हे दोन्ही कळेल.

तीन एकर कापूस, लावण 22 जूनची. विषय गुलाबी बोंडअळीचा. हिच्यासाठी आपण तीन गोष्टी मोजतो. पहिली, कामगंध सापळ्यातले पतंग. दुसरी, डोमकळी, म्हणजे अळीनं पाकळ्या आतून धाग्यानं बांधून टाकल्यामुळं न उमललेलं फूल. ते गुलाबाच्या कळीसारखं दिसतं. तिसरी, हिरवी बोंडं फोडून आतली अळी. तिघींचं काम वेगळं आहे. सापळ्यात फक्त नर पतंग येतात. ते आले म्हणजे शेताभोवती पतंग उडतायत एवढंच कळतं. मादीनं अंडी किती घातली ते सापळा सांगत नाही. डोमकळी सांगते की अळी फुलापर्यंत पोचली. बोंड सांगतं की आता नुकसान चालू झालं.

पातळ्या आपल्या सगळ्यांना पाठ आहेत, तरी एकदा लिहितो. प्रत्येक सापळ्यात एका रात्रीला आठ पतंग, तेही सलग तीन रात्री. किंवा शंभर फुलांत दहा डोमकळ्या. किंवा वीस हिरव्या बोंडांत दोन ठिकाणी जिवंत अळी. यातलं एक जरी झालं तरी उपाय करायची वेळ आली असं समजायचं.

आता यात पहा, प्रत्येक आकड्याला एक "पैकी" आहे. किती सापळ्यांपैकी, किती रात्रींपैकी, किती फुलांपैकी. माझे एक स्नेही निरोप पाठवतात, "सापळ्यात 60 पतंग सापडले." वाचून सर काय समजणार? एका सापळ्यात एका रात्रीचे साठ असतील तर आग लागली. सहा सापळ्यांत पाच रात्रींचे मिळून साठ असतील तर सापळ्याला रात्री दोनच पडले. आकडा तोच आणि सल्ला दोन टोकांना. तसंच बोंडाचा फोटो. गुलाबी अळीसकट फोडलेलं एक बोंड फोटोत फार भयंकर दिसतं. पण ते बोंड वीस फोडल्यावर सापडलं का पहिलंच फोडलं ते फोटो सांगत नाही. फोटो ही कोणती कीड आहे ते ओळखायला चांगला. किती आहे ते मोजूनच कळतं.

माझे सहा सापळे, एकराला दोन. लावणीनंतर 45 व्या दिवशी, 6 ऑगस्टला लावले. मी शनिवार, रविवार, सोमवार अशा तीन रात्री धरतो. शनिवारी संध्याकाळी पिशव्या रिकाम्या करायच्या, मग रविवार, सोमवार, मंगळवार सकाळी प्रत्येक सापळ्याचे पतंग मोजून पिशवी परत रिकामी करायची. सहा सापळे गुणिले तीन रात्री, म्हणजे अठरा. तीन दिवसांच्या बेरजेला अठरानं भागलं की एका सापळ्याची एका रात्रीची सरासरी मिळते. मंगळवारी सकाळीच शंभर फुलं पाहतो आणि शेतातून नागमोडी चालत वीस झाडांचं एकेक बोंड तोडतो. बोंड साधारण दोन-तीन आठवड्यांचं, हिरवं, पण दाबल्यावर घट्ट लागणारं पाहिजे. फार कोवळ्यात अळी दिसत नाही, निबर झालेल्यात मागची गोष्ट दिसते. बांधावरून हाताला येईल ते बोंड तोडायचं नाही.

माझी वही त्या हंगामात असं सांगत होती. 13 ऑगस्टला तीन रात्रींचे मिळून 18 पतंग, सरासरी 1. 20 ऑगस्टला 45, म्हणजे अडीच. 27 ऑगस्टला 81, म्हणजे साडेचार, आणि शंभर फुलांत 4 डोमकळ्या. त्या सापडल्या तशा तोडून नष्ट केल्या. 29 ऑगस्टला पाच टक्के निंबोळी अर्क फवारला. मग 1 आणि 2 सप्टेंबरचा पाऊस आला. आपल्या परभणीकडं तो कसा पडला ते कुणाला सांगायला नको. शेतात पाय ठेवता येईना, सापळ्याच्या पिशव्यांत पाणी. 3 सप्टेंबरच्या मंगळवारी माझ्याकडं आकडाच नव्हता.

इथं पहिली शिकण्यासारखी गोष्ट आहे. त्या दिवशी मला निरोपात "पतंग 0" लिहावंसं वाटलं. पिशवीत पतंग नव्हतेच, पाणी होतं. पण सापळ्यात शून्य पतंग असणं आणि सापळा पाहताच न येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे पाहिलं आणि नव्हतं. मी लिहिलं, "पावसामुळं मोजणी नाही." सरांनी लगेच विचारलं, "अर्क कधी मारला होता?" वहीत 29 तारीख होती. ते म्हणाले, मग त्याचा फार भरवसा धरू नका, धुवून गेला असं समजा. मी शून्य लिहिलं असतं तर त्यांना वाटलं असतं की अर्कानं काम केलं. एका शब्दानं पुढचा सगळा हिशेब उलटा झाला असता.

दुसरी गोष्ट मात्र मला महागात पडली.

10 सप्टेंबरला तीन रात्रींचे 54 पतंग, सरासरी 3. 17 सप्टेंबरला 36, सरासरी 2. साडेचारावरून तीन, तीनवरून दोन. मला बरं वाटलं. फवारणीचा खर्च वाचला म्हणून घरात सांगूनही टाकलं. 17 तारखेचा माझा निरोप असा होता:

"मंगळ 17 सप्टें. लावणीचा दिवस 87.
पतंग: 6 सापळे, 3 रात्री, एकूण 36. सरासरी 2 (मागचा आठवडा 3).
डोमकळी: 100 फुलांत 9 (मागच्या आठवड्यात 7).
बोंडं: 20 पैकी 1 मध्ये अळी (मागच्या आठवड्यात 0).
फवारणी नाही. पतंग कमी होतायत. फवारणीची गरज वाटत नाही, बरोबर का?"

रात्री साडेनऊला उत्तर आलं. "पतंग कमी आणि डोमकळी जास्त, हे जुळत नाही. ल्युर कधीचा आहे?"

वही उघडली. ल्युर 6 ऑगस्टचा. म्हणजे 42 दिवस झाले होते. ल्युर म्हणजे सापळ्यातली ती छोटी वासाची गोळी किंवा नळी. मादीच्या वासाचा तो अर्क रोज थोडा थोडा उडून जातो. साधारण तीन आठवड्यांनी तो बदलावा लागतो, नेमकी मुदत पाकिटावर असते ती पाळायची. माझा बदलायचा दिवस होता 27 ऑगस्ट. वहीच्या कडेला 26 तारखेला माझ्याच हातानं लिहिलेलं होतं, "ल्युर आणायचे." मग पाऊस आला, रानात पाणी साचलं, त्या गडबडीत ते समासातच राहिलं. पतंग कमी झाले नव्हते. सापळ्याचं नाक बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी, 18 ला, तालुक्याला जाऊन सहा ल्युर आणले आणि त्याच दिवशी बदलले. हात साबणानं धुऊन, कारण हाताला तंबाखूचा वास असतो. जुने ल्युर आणि पाकिटं शेतात टाकली नाहीत, गावात आणली. पाण्यानं फाटलेल्या दोन पिशव्याही बदलल्या. सापळे पिकाच्या वर एक-दीड फूट राहतील असे उचलले, कारण ऑगस्टमध्ये लावलेले सापळे आता झाडात बुडाले होते.

मग शनिवारच्या रात्री 52, रविवारच्या रात्री 57, सोमवारच्या रात्री 62. बेरीज 171, भागिले अठरा, साडेनऊ. तिन्ही रात्री सापळ्यामागं आठच्या वर. आणि 24 सप्टेंबरला वीस बोंडांत 3 मध्ये अळी. दोन्ही पातळ्या ओलांडलेल्या. आठवड्याभरात पतंग दोनाचे साडेनऊ झाले असं नव्हे. ते आधीपासून होते, मला दिसत नव्हते. नक्की किती दिवस आधीपासून, ते आता कुणीच सांगू शकणार नाही, कारण त्या दिवसांचे माझे आकडे वाया गेले.

24 चा निरोप मुद्दाम पूर्ण देतो, कारण आता मी याच साच्यात लिहितो:

"मंगळ 24 सप्टें. दिवस 94. कापूस 3 एकर.
पतंग: 6 सापळे, 3 रात्री: 52, 57, 62. सरासरी 9.5. ल्युरचा दिवस 6.
डोमकळी: 100 पैकी 10.
बोंडं: 20 पैकी 3, तिन्हींत अळी जिवंत.
केलं: 18 ला ल्युर बदलले, डोमकळ्या तोडल्या. मागच्या फवारण्या: 30 जुलै रसशोषक किडीसाठी, 29 ऑगस्ट निंबोळी अर्क (1 ला पाऊस).
राहिलं: नाल्याकडची कड पाहिली नाही, चिखल आहे.
प्रश्न: पाऊस सांगितलाय. आज मारू का उघाड बघू?"

सात ओळी झाल्या. सरांना वाचायला अर्धा मिनिट लागला असेल. उत्तर दोन ओळींचं आलं: उघाड मिळाल्यावर मारा, भर पावसात मारून औषध धुवून घालवू नका, आणि या वेळी कोणत्या गटातलं औषध घ्यायचं ते. ते सुचवताना त्यांनी 30 जुलैची फवारणी विचारात घेतली, म्हणजे तोच गट परत आला नाही. मागच्या फवारण्यांची ओळ निरोपात नसती तर हे त्यांना विचारायला एक दिवस आणि मला सांगायला एक दिवस गेला असता. मी 28 ला फवारणी केली.

त्यानंतरचंही सांगतो, कारण इथं लोक घाबरतात. 1 ऑक्टोबरला परत वीस बोंडांत 3 मध्ये अळी. मला वाटलं औषध लागू पडलं नाही, दुसरं मारावं. सरांनी थांबवलं. ते म्हणाले, अळी एकदा बोंडात शिरली की बाहेरून मारलेलं औषध तिला लागत नाही. तुम्ही आज फोडलेली बोंडं फवारणीच्या आधीची आहेत. पुढचे दोन आठवडे बघा. पतंग त्या दिवशी साडेसहा होते. 8 ऑक्टोबरला पतंग 4, वीस बोंडांत 2. त्या निरोपात मी स्वतःच लिहिलं, "ल्युरचा दिवस 20, आकड्यावर पूर्ण भरवसा नाही." 9 ला ल्युर बदलले. 15 ला सरासरी साडेचार, चाळीस बोंडांत 2. नव्या ल्युरवरही आकडा उडाला नाही, तेव्हा मान्य केलं की आता खरंच कमी झालंय. आधी जो उतार दिसला तो खोटा होता, हा खरा. दोन्हींत फरक फक्त एका ओळीचा, ल्युर किती दिवसांचा आहे ती.

चाळीस बोंडं का फोडली तेही विचाराल. वीस हा नमुना तसा लहान आहे. वीसपैकी एक आलं तर पाच टक्के, दोन आली तर दहा. एका बोंडानं निकाल बदलतो. म्हणून आकडा काठावर आला की मी आणखी वीस फोडतो. निरोपात "40 पैकी 2" असं लिहितो, "पाच टक्के" असं लिहीत नाही. नुसता टक्का लिहिला की नमुना केवढा होता ते लपतं.

नुकसान झालं ते झालं. तीन एकरांत 21 क्विंटल कापूस निघाला, त्यातला दीड क्विंटल कवडी. वेचणाऱ्या बायकांनी तो वेगळा काढला आणि व्यापाऱ्यानं त्याचा भाव पाडूनच घेतला. सगळी कवडी त्या तीन आठवड्यांची असं मी म्हणणार नाही. पण 27 ऑगस्टला ल्युर बदलले असते तर फवारणी सप्टेंबरच्या मध्याला झाली असती, एवढं मला वाटतं.

आता माझ्या मताकडं परत येतो. वही असूनही मी फसलो, मग वहीचा उपयोग काय, असं एकानं मला तोंडावर विचारलं. उत्तर असं आहे. मी फसलो कारण मी निरोपात माझ्या मताची ओळ आणली, "पतंग कमी होतायत." पण त्याच्या वरच्या तीन ओळी वहीच्या होत्या आणि त्या खऱ्या होत्या. त्या दोन आकड्यांचं आपसात जमत नाही हे सरांना वीस कोसांवरून दिसलं. मी फक्त "पतंग कमी होतायत, बरं चाललंय" एवढंच लिहिलं असतं तर त्यांनाही "छान" लिहावं लागलं असतं. आणि ल्युरची तारीख वहीत नसती तर मी "महिनाभर झाला असेल" म्हणून वेळ मारून नेली असती. सल्ला देणारा माणूस शेतात नसतो. त्याला आपला डोळा वापरावा लागतो. म्हणून आपण काय पाहिलं ते आधी लिहायचं, आपल्याला काय वाटतं ते शेवटी, आणि दोन्ही एका वाक्यात मिसळायचं नाही.

"राहिलं" या ओळीबद्दल थोडं बोलतो. ही ओळ लिहायला सगळ्यांना जड जातं, मलाही. आपण सांगितलेलं केलं नाही हे गुरूला लिहायचं म्हणजे शाळेत गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं. म्हणून लोक ती ओळ गाळतात. पण सल्ला पुढचा द्यायचा असेल तर मागचा झाला का नाही हे कळायलाच पाहिजे. सरांनी डोमकळ्या तोडायला सांगितल्या आणि तुम्ही तोडल्या नाहीत, तर पुढच्या आठवड्यात वाढलेला आकडा पाहून ते समजतील की तोडूनही वाढल्या, म्हणजे प्रकरण गंभीर आहे. ते तुम्हाला महागडी फवारणी सांगतील. खर्च तुमचाच होणार. मजूर मिळाले नाहीत, पाऊस होता, लग्नाला गेलो, काहीही कारण असो, "तोडल्या नाहीत" हे दोन शब्द लिहा. कारण लिहिलं नाही तरी चालेल.

प्रश्न एकच विचारायचा, हेही मी सरांकडूनच शिकलो. पूर्वी मी एका निरोपात लाली, बोंडअळी, पुढच्या वर्षीचं वाण आणि हरभऱ्याची पेर, सगळं विचारायचो. उत्तर सगळ्याचं थोडं थोडं यायचं आणि मुख्य गोष्ट मागं पडायची. आता वही समोर घेऊन बसतो आणि स्वतःलाच विचारतो, या आठवड्यात कोणत्या एका गोष्टीवर माझा निर्णय अडलाय? तेवढंच विचारतो. कधी काहीच अडलेलं नसतं. तेव्हा "प्रश्न नाही" असं लिहून निरोप पाठवतो. ते आठवडेही पाठवायचे, कारण "मागचा आठवडा 3" हे तेव्हाच लिहिता येतं जेव्हा मागचा आठवडा असतो.

चार मिनिटांचे बोललेले निरोप पाठवणाऱ्यांना हात जोडून विनंती. तुम्हाला लिहायचा कंटाळा असेल, मला समजतं, मीही दहावीच शिकलोय आणि माझी बोटं मोबाईलवर चुकतात. पण बोललेल्यात आकडा शोधायला ऐकणाऱ्याला तीनदा मागं जावं लागतं, आणि चार आठवड्यांनी मागचा आकडा पाहायचा तर सापडतच नाही. लिहायला जमत नसेल तर वहीच्या त्या पानाचा सरळ, उजेडात काढलेला फोटो पाठवा. वहीचा फोटो चालतो. माझं म्हणणं एवढंच की त्यात मोजलेलं असावं.

शेवटी एक मर्यादा सांगून थांबतो. हा आठवड्याचा निरोप हळू चालणाऱ्या गोष्टींसाठी आहे. प्रत्येक गोष्ट मंगळवारची वाट पाहू शकत नाही. त्याच सप्टेंबरच्या पावसानंतर ऊन पडलं आणि खोलगट भागातली माझी तीसेक झाडं एका दिवसात माना टाकून उभी राहिली. आकस्मिक मर. त्यात पहिले एक-दोन दिवसच हातात असतात, साचलेलं पाणी काढायचं आणि बुडाशी आळवणी द्यायची. ते पाहिल्या पाहिल्या मी फोन केला, निरोप नाही. मात्र फोनवरही पहिला प्रश्न तोच आला, "किती झाडं, कितीपैकी, आणि कधी दिसलं?" खिशात वही होती, म्हणून सांगता आलं.

यंदा मी वहीच्या पहिल्या पानावरच सापळ्याची तारीख आणि ल्युर बदलायच्या चार तारखा आधी लिहून ठेवल्यात, आणि निरोपात ल्युरचा दिवस दर आठवड्याला जातो. तुमच्यापैकी ज्यांचे सापळे लागलेत त्यांनी आज संध्याकाळी एवढंच करा. शेवटचा ल्युर कधी बदलला ती तारीख आठवून नको, लिहिलेली शोधून खाली टाका. सापडली नाही तर तेही लिहा. मी हसणार नाही, माझीही समासातच होती.